दिवे मालवल्यानंतर: मुक्कामी सहलीतली दादागिरी आणि शिक्षकांची नोंदवही

मुक्कामी सहलीच्या फाइलमध्ये बसची कागदपत्रं असतात, पालकांची संमतीपत्रं असतात, प्रथमोपचार पेटीतल्या औषधांची यादी असते. रात्री अकरापासून पहाटे साडेपाचपर्यंत कोण जागं राहील आणि कुठे बसेल, याचा कागद मात्र बहुतेक फाइलींत सापडत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींच्या परवानगीत पाणी, कडे आणि वाहन यांकडे कसून पाहिलं जाऊ लागलं आणि ते योग्यच झालं. पण मुलांचा एकमेकांकडून होणारा छळ ना पाण्यात होतो ना कड्यावर. तो झोपायच्या हॉलमध्ये, न्हाणीघराच्या रांगेत आणि बसच्या मागच्या सीटवर होतो.

पहिल्यांदाच मुलांना घेऊन मुक्कामाला निघालेल्या शिक्षक-शिक्षिकांनी, शिबिराच्या ताईदादांनी आणि सोबतच्या सेवकांनी एक गोष्ट आधीच धरून चालावी. सहलीत पूर्ण प्रकार एकाही मोठ्या माणसाला दिसत नाही. जेवण वाढणाऱ्या मावशींना एक तुकडा दिसतो, पैशांची पाकिटं सांभाळणाऱ्या बाईंना दुसरा, रात्रीची फेरी मारणाऱ्या सरांना तिसरा. प्रत्येक तुकडा इतका किरकोळ असतो की तो कोणी कोणाला सांगत नाही. हे तुकडे एकत्र येण्याची एकच जागा असते, ती म्हणजे नोंदवही. म्हणून ती सहल संपल्यावर अहवालासाठी भरायची नसते, सहल चालू असतानाच लिहायची आणि वाचायची असते.

माणसं किती, आणि त्यांतली जागी किती

एक काल्पनिक शिबिर डोळ्यांसमोर ठेवू आणि शेवटपर्यंत तेच वापरू. आठवीचा वर्ग, दोन रात्री, ४६ विद्यार्थी: २६ मुलगे, २० मुली. सोबत दोन शिक्षक, दोन शिक्षिका आणि एक सेवक. कागदावर नऊ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस दिसतं. पण हे प्रमाण दिवसाचं आहे. रात्री साडेअकराला दोन्ही शिक्षिका मुलींच्या हॉलकडे, एक सर दिवसभर चालून गाढ झोपलेले, सेवक स्वयंपाकघराशेजारी. म्हणजे २६ मुलग्यांमागे एकच माणूस, तेही डुलक्या घेत.

अशा फटी ओळखून त्या वेळापत्रकातच लिहायच्या. सर्वांत मोठी फट पहाटेची. २६ मुलगे आणि ३ न्हाणीघरं असतील, प्रत्येकाला ७ मिनिटं लागली, तर आंघोळी उरकायला तासभर लागतो. नेमक्या त्याच तासात शिक्षकही स्वतःचं आवरत असतात. रांगेत कोणाला मागे ढकललं, कोणाचा टॉवेल पळवला, कोणाच्या दाराला बाहेरून कडी लागली, हे पाहायला तिथे कोणी नसतं. उपाय साधा आहे. त्या दिवशी पहाटेची पाळी असलेल्याने आदल्या संध्याकाळीच आंघोळ उरकायची आणि पाच वाजता रांग दिसेल अशा जागी खुर्ची टाकून बसायचं.

दुसरी फट दिवे मालवल्यानंतरच्या दोन तासांची आहे. तिसरी जेवणानंतर ताटं धुवायच्या नळाजवळची. चौथी बसची: शिक्षक पुढच्या सीटवर, दंगा मागे. एक शिक्षक प्रवासभर मागच्या दोन रांगांत बसला की ती बुजते.

निघण्याआधी: चिठ्ठी, नकाशा, पाकिटं

"ज्याला ज्याच्यासोबत राहायचं त्याने राहा" असं म्हटलं की वर्गात एकट्या पडलेल्या मुलाला उरलेली जागा मिळते, आणि ती बहुधा त्याला नको असलेल्यांच्याच खोलीत असते. म्हणून आठवडाभर आधी प्रत्येकाकडून एक चिठ्ठी घ्या. ज्यांच्यासोबत राहायला आवडेल अशी तीन नावं, आणि नको असेल तर एक नाव. चिठ्ठी बाकावर शेजाऱ्यासमोर लिहायला लावू नका, शिक्षकांच्या टेबलाशी येऊन एकेकट्याने लिहू द्या. नियम दोनच: आवडीच्या तीन नावांपैकी किमान एक प्रत्येकाला मिळालं पाहिजे, आणि नको असलेलं नाव त्याच खोलीत येता कामा नये.

या चिठ्ठ्यांतून आणखी दोन गोष्टी कळतात. ज्याचं नाव कोणाच्याच आवडीत आलेलं नाही, ते मूल एकटं आहे. ज्याचं नाव अनेकांच्या 'नको'मध्ये आलं आहे, त्याच्याकडे दोन्ही अंगांनी पाहावं लागतं. कदाचित त्याला सगळे घाबरतात, कदाचित त्याला सगळ्यांनी वाळीत टाकलं आहे. चिठ्ठीवरून निष्कर्ष काढू नका. रात्री कुठे नजर ठेवायची, एवढंच त्यातून ठरवा. तिघांची खोली शक्यतो टाळा, कारण तिथे दोन विरुद्ध एक व्हायला फार वेळ लागत नाही. आठवी आणि दहावीची मुलं एकाच हॉलमध्ये झोपवू नका.

हॉल असेल तर अंथरुणांना क्रमांक द्या आणि नकाशा काढा. कोणत्या क्रमांकावर कोण, दार कुठे, संडासाकडे जायची वाट कुठली. एकट्या पडलेल्या मुलाला कोपऱ्यात किंवा भिंतीच्या टोकाला ठेवू नका. पण सरांच्या अगदी शेजारीही ठेवू नका, त्याने तो सगळ्यांच्या डोळ्यांत येतो. दाराकडून तिसऱ्या-चौथ्या जागी, आवडीचं नाव शेजारी, अशी जागा चांगली. नकाशाच्या दोन प्रती काढा, एक नोंदवहीत चिकटवा.

अंथरूण ओलं होणं, झोपेत चालणं, इनहेलर, श्रवणयंत्र, जाड भिंगाचा चष्मा या गोष्टी पालकांकडून बंद पाकिटात लिहून घ्या. छळ करणारी मुलं नेमकं हेच हेरतात. इनहेलरची जादा प्रत शिक्षकांकडे असावी. ज्याचं अंथरूण ओलं होतं त्याला साडेअकराला आणि पहाटे चारला गाजावाजा न करता उठवायचं, आणि एक जादा चादर हाताशी ठेवायची. सकाळी सर्वांसमोर चादर झटकली जाण्यापासून वाचलेलं मूल पुढच्या कित्येक महिन्यांच्या चिडवण्यापासून वाचतं.

खर्चाचे पैसे सर्वांचे सारखे, नावाच्या पाकिटात, एका शिक्षिकेकडे. रोज ठरलेली रक्कम द्यायची आणि दिली की पाकिटावर वेळ लिहायची. यामुळे चोरी टळते हा छोटा फायदा. कोणाचे पैसे कुठे जाताहेत हे लक्षात येतं, हा मोठा.

रात्रीची फेरी

दिवे मालवल्यावर वीस मिनिटांनी पहिली फेरी. त्यापुढच्या फेऱ्यांच्या वेळा मुद्दाम अनियमित ठेवा. पहिल्या रात्री १०.५०, ११.३५, १२.२०, २.१० आणि ४.४० असतील, तर दुसऱ्या रात्री वेगळ्या. फेरी तासाच्या ठोक्याला असते हे मुलांना पहिल्याच रात्री कळतं आणि मधली पन्नास मिनिटं त्यांची होतात. शक्य असेल तर दोघांनी जा. मुलींच्या हॉलमध्ये शिक्षिकांनीच जायचं. दाराबाहेर क्षणभर थांबून कानोसा घ्या. विजेरी जमिनीवर धरा, चेहऱ्यावर नको.

मुलं मोजू नका, नकाशाशी ताडून पाहा. २६ डोकी भरतात, पण ९ नंबरवरचा मुलगा १७ नंबरच्या पायथ्याशी सतरंजीवर झोपलेला असतो, हे मोजणीत दिसत नाही. कोण आपल्या जागी नाही, कोणाला पांघरूण नाही, कोणाकडे दोन उशा आहेत, कोण डोळे मिटून पण ताठ पडलं आहे, हे पाहायचं. वेळ आणि दिसलेलं तिथेच लिहा. सकाळी आठवून पाच फेऱ्या एकदम लिहिल्या की सगळ्या फेऱ्यांपुढे 'सर्व ठीक' येतं, आणि अशा नोंदीचा कोणालाच उपयोग होत नाही.

संडासाच्या वाटेवरचा दिवा रात्रभर चालू हवा. पोहोचल्या पोहोचल्या तो पाहा आणि एक जादा बल्ब बरोबर न्या. तो दिवा बंद पडला की घाबरलेली मुलं रात्रभर उठत नाहीत, आणि तिकडे जाणाऱ्या एकट्या मुलाला गाठणं सोपं होतं.

मस्ती आणि छळ यांतली रेघ

मुक्कामात उशांची मारामारी होते, झोपलेल्याच्या तोंडाला टूथपेस्ट फासली जाते. प्रत्येक वेळी चौकशी बसवायची नसते. नॉर्वेत १९७० च्या दशकापासून या विषयावर काम केलेल्या डॅन ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं आणि ताकदीतला फरक. सहलीत तिसरी खूण सर्वांत लवकर दिसते. आज ज्याच्या तोंडाला पेस्ट फासली, तो उद्या दुसऱ्याच्या तोंडाला फासू शकतो का? शकत असेल तर ती बहुधा मस्ती. दर वेळी तोच एक मुलगा असेल, त्याने 'बस' म्हटल्यावरही थांबत नसतील, बाकीचे त्याच्याकडे न पाहता एकमेकांकडे पाहून हसत असतील, तर ती मस्ती नाही. पुन्हा पुन्हा घडण्याची वाट मात्र पाहत बसू नका. तीन दिवसांच्या शिबिरात आठवडे मिळत नाहीत, दुसरी वेळ काही तासांतच येते. शिवाय इथे जे पहिल्यांदा दिसतं ते वर्गात अनेकदा घडून गेलेलं असतं.

एका प्रकाराची वेगळी जाण हवी. वसतिगृहांत त्याला कांबळ परेड म्हणतात: झोपलेल्यावर पांघरूण टाकायचं आणि सगळ्यांनी मिळून मारायचं. यात मार खाणाऱ्याला कोणी मारलं हे दिसतच नाही. म्हणून "नावं सांग, मग बघतो" असं त्याला म्हणणं म्हणजे त्याची तक्रार तिथेच संपवणं. त्याच्याकडून नावं मागू नका. नकाशावरून शेजारच्या सहा अंथरुणांवर कोण होतं ते लिहा, आणि त्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोला.

एक प्रकरण, नोंदींसकट

आता आपलं शिबिर. वहीत मुलांची नावं न लिहिता हजेरीतल्या क्रमांकावरून खूण लिहायची, मुलगा असेल तर मु-१४ अशी. नावांची यादी वेगळी, प्रमुखांकडे.

पहिला दिवस. दुपारी १.१५ला सेवकांनी पाहिलं की मु-१४ नळावर तीन ताटं धुतो आहे. त्यांनी वहीत एक ओळ लिहिली. संध्याकाळी ७.४०ला पाकिटं सांभाळणाऱ्या बाईंनी लिहिलं: "मु-१४ ने उद्याचे १०० रुपये आजच मागितले. आजचे १०० दुपारी १२ वाजता दिले होते. त्याच्याकडे घेतलेली वस्तू दिसली नाही. दिले नाहीत."

दोन्ही नोंदींत तसं काहीच नाही. मुलं एकमेकांची ताटं धुतात, पैसेही उडवतात. पण रात्री पावणेदहाला पाचही जण दहा मिनिटं बसले, दिवसाच्या नोंदी मोठ्याने वाचल्या, आणि एकाच मुलाचा क्रमांक दोनदा आला. त्यामुळे ११.३५च्या फेरीत सरांनी त्याचं, म्हणजे ९ नंबरचं अंथरूण लक्ष देऊन पाहिलं. नोंद: "मु-१४ जागा. उशी नाही. शेजारच्या ११ नंबरवर मु-३ कडे दोन उशा. मु-१४ ला विचारलं, म्हणाला, 'मला नको होती.' उशी परत दिली." ही दहा मिनिटांची बैठक झाली नसती तर त्या उशीकडे कोणाचं लक्ष गेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ५.५०ला न्हाणीघराचं दार आतून वाजवल्याचा आवाज आला. घाईत लिहिलेली नोंद अशी असते: "मुलांनी मस्तीत मु-१४ ला बाथरूममध्ये कोंडलं. सर्वांना समज दिली." या दोन वाक्यांचा पुढे काहीच उपयोग नाही. 'मुलांनी' म्हणजे कोणी, ते नाही. 'मस्तीत' हा लिहिणाऱ्याने काढलेला निष्कर्ष आहे, आणि तो कोंडणाऱ्यांच्या बाजूचा आहे. 'समज दिली' म्हणजे कोणाला, कोणी, काय सांगितलं, ते नाही. तीच घटना अशी लिहायला हवी:

"५.५० वा. मधल्या न्हाणीघरातून दार वाजवल्याचा आवाज ऐकला. मी रांगेच्या टोकाला, अंदाजे १५ पावलांवर होतो. गेलो तेव्हा बाहेरची कडी लागलेली होती, मी उघडली. आत मु-१४, अंगावर ओले कपडे, रडत होता. दारापासून दोन पावलांवर मु-३ आणि मु-८ उभे. मु-८ हसत होता. कडी लावताना मी कोणालाही पाहिलं नाही. रांगेत मु-११, मु-१९ आणि मु-२२ होते. नोंद लिहिली ६.०५ वा."

'कडी लावताना मी पाहिलं नाही' हे वाक्य सर्वांत मोलाचं आहे. ते वाचल्यावर बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो. जे पाहिलं, जे ऐकलं आणि जे वाटलं, ते तीन वेगळ्या वाक्यांत लिहायचं. वाटलेलं लिहायलाच हवं असेल तर 'मला असं वाटलं' असं म्हणून लिहायचं.

६.२०ला एका सरांनी मु-१४ ला व्हरांड्याच्या टोकाला बसवलं, सगळ्यांना दिसेल पण कोणाला ऐकू जाणार नाही अशा जागी. विचारलं एवढंच: "काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग." मध्ये फक्त "मग?" आणि "अजून काही?" त्याने सांगितलेलं अवतरणात उतरवलं: "कालपासून ताटं मीच धुतोय. पैसे मु-३ कडे आहेत. नाही दिले तर रात्री पांघरूण टाकू म्हणाले. वर्गात पण असंच असतं." मूल शिवी सांगेल तर शिवीही जशीच्या तशी लिहायची, जातीवरून काही बोललं गेलं असेल तर ते शब्दही. 'अपशब्द वापरले' असं सभ्य करून लिहिलं की अपमान नेमका कशाचा झाला तेच पुसलं जातं.

"मु-३ ने मारलं का तुला?" असा प्रश्न विचारायचा नाही. घाबरलेलं मूल मोठ्यांना हवं ते उत्तर देतं, आणि पुढे 'सरांनीच नाव वदवून घेतलं' असं म्हणायला जागा मिळते. 'मी कोणालाही सांगणार नाही' असं वचनही द्यायचं नाही. म्हणायचं ते असं: "ज्यांना सांगावंच लागेल त्यांनाच सांगेन, आणि कोणाला सांगतोय ते आधी तुला सांगेन."

त्यानंतर मु-३ आणि मु-८ यांच्याशी दोन शिक्षक एकाच वेळी, वेगवेगळ्या जागी बोलले. एकाशी बोलून दुसऱ्याला बोलावलं की मधल्या पाच मिनिटांत दोघांचं सांगणं जुळतं. त्यांचं म्हणणंही तितक्याच काळजीने, त्यांच्याच शब्दांत लिहिलं. मु-११ ने पाहिलेलं वेगळ्या पानावर घेतलं. तिघांना समोरासमोर उभं करून 'हात मिळवा, सॉरी म्हणा' हे केलं नाही. नवे शिक्षक चांगल्या मनाने हेच करतात आणि इथेच सगळं बिघडतं. रात्री त्याच हॉलमध्ये झोपायचं आहे हे माहीत असलेला मुलगा समोर उभा राहून 'काही नाही झालं सर' म्हणतो, आणि तक्रार मागे घेतल्याची नोंद होते.

अंथरूण हलवलं ते मु-३ आणि मु-८ यांचं, दोघांचं वेगवेगळ्या ठिकाणी. मु-१४ ला हलवलं असतं तर ती त्यालाच शिक्षा दिसली असती. शेजारी कोण हवं हे त्याला विचारलं, त्याने मु-२२ सांगितला. पैसे परत घेऊन पाकिटात ठेवले, रक्कम आणि वेळ लिहिली. ७.०५ला मुख्याध्यापकांना फोन, ७.३० ते ८ या वेळात तिघांच्याही पालकांना. प्रत्येक फोनची वेळ, कोणाशी बोललो आणि ते काय म्हणाले, हे लिहिलं. मु-१४ च्या आईला दोन पर्याय सांगितले: घ्यायला या, किंवा तो राहू इच्छित असेल तर आम्ही काय काय बदललं आहे ते हे. मुलाला आईशी बोलू दिलं, स्पीकर बंद ठेवून.

वही आणि तिची शिस्त

वही शिवलेली हवी. सुटी पानं नकोत, पानांवर निघण्याआधीच क्रमांक घातलेले असावेत. बॉलपेनने लिहा, शाईच्या पेनाचं अक्षर पावसात फुटतं. प्रत्येक नोंदीला दोन वेळा हव्यात: घटना घडल्याची आणि नोंद लिहिल्याची. तासाभरानंतर लिहिली असेल तर तसंच लिहा, लपवू नका. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही करा. व्हाइटनर लावलेल्या नोंदीवर पुढे कोणी विश्वास ठेवत नाही. उरलेली रिकामी जागा तिरकी रेघ मारून बंद करा.

वळ, ओरखडा, सूज दिसली तर शरीराच्या पुढच्या-मागच्या बाजूची साधी बाह्याकृती काढून त्यावर खूण करा. बाजूला लिहा: "डाव्या गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूस, अंदाजे २ सेंमी, लालसर." 'मारल्याचा वळ' असं लिहू नका, कारण सांगणं डॉक्टरांचं काम. तपासायला कपडे काढायला लावू नका, स्वतःच्या मोबाइलवर फोटोही काढू नका. वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर या प्रकरणातलं एक अक्षरही टाकायचं नाही. 'आज एक छोटा प्रकार झाला, सर्व ठीक आहे' एवढं टाकलं तरी दहा मिनिटांत नावं ठरवली जातात.

'हा मुलगा मुळातच भांडखोर', 'तो जरा रडका आहे', 'घरचं वातावरण तसंच' अशी वाक्यं वहीत नकोत. पालकांना प्रत द्यायची असेल तर इतर मुलांच्या खुणा झाकून द्या. वही कुलपात ठेवा, किल्ली एकाकडे असावी.

जिथे शाळेने स्वतः तपास करायचाच नाही

चड्डी ओढणं, गुप्तांगाला हात लावणं, आंघोळीचा किंवा कपडे बदलतानाचा व्हिडिओ काढणं, झोपेत अंगचटीला जाणं, हे मुलांनी मुलांशी केलं तरी आणि मुलग्याशी केलं तरी 'पॉक्सो' कायद्याच्या, म्हणजे २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. त्याच्या कलम १९ नुसार ज्याला हे कळलं त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचंच असतं. न कळवणं हा कलम २१ नुसार गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यात जास्त शिक्षा आहे. 'आधी शाळेत परत जाऊ, समिती बसवू, मग बघू' याला तिथे जागा नाही.

अशा वेळी मुलाने आपणहून सांगितलेले पहिले शब्द उतरवा आणि थांबा. खोदून प्रश्न विचारू नका. पुन्हा पुन्हा सांगायला लावल्याने मुलाला त्रास होतो, त्याचं सांगणंही बदलत जातं. कपडे आणि चादर धुऊ नका, कागदी पिशवीत वेगळी ठेवा. व्हिडिओ असेल तर मोबाइल बंद करून पाकिटात घाला, वर वेळ आणि सही. तो पाहू नका आणि 'पुरावा म्हणून' कोणाला पाठवूही नका. जिवाला धोका असेल तर ११२, मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. मुख्याध्यापकांचा फोन लागत नसेल तरी थांबायचं नाही, कळवण्याची जबाबदारी ज्याला कळलं त्याची आहे. वहीत पोलिसांना कळवल्याची वेळ, ठाण्याचं नाव आणि ज्यांच्याशी बोललात त्यांचा हुद्दा लिहा.

दुसरा कायदा सहलीच्या शिक्षकांना फारसा माहीत नसतो. 'महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९' रॅगिंगला संस्थेच्या आवारात आणि आवाराबाहेरही मनाई करतो. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिली तर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. प्रथमदर्शनी तथ्य आढळलं तर संशयित विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. टाळाटाळ करणारा प्रमुख त्या कृत्याला साथ दिल्याच्या आरोपात येतो. सात दिवस फार नसतात. शिबिराची जागा शंभर कोस दूर, मुलं पांगलेली, आठवणी पुसट झालेल्या. त्या वेळी हातात वहीची चार पानंच असतात.

परतल्यावर

परतीच्या बसमध्ये मु-३ आणि मु-८ पुढे, शिक्षकांजवळ, आणि मु-१४ त्याने निवडलेल्या सोबत्याशेजारी. नोंदवही त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, मुख्याध्यापकांच्या हाती द्या आणि मिळाल्याची सही वेळेसह घ्या. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीलाही कळवा. तुमच्याकडे प्रत ठेवायची असेल तर तीही कुलपात.

मु-१४ 'वर्गात पण असंच असतं' असं म्हणाला होता. त्यामुळे प्रकरण शिबिराबरोबर संपत नाही. तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी एकाच ठरलेल्या शिक्षकाने त्याच्याशी पाच मिनिटं बोलायचं आणि प्रत्येक वेळी दोन ओळी लिहायच्या: डबा कोणासोबत खाल्ला, मधल्या सुट्टीत कुठे होता, गैरहजर किती दिवस. त्याला 'कसं चाललंय?' असं विचारलं तर 'बरं' एवढंच येईल, म्हणून दिसणाऱ्या गोष्टी विचारा. मु-३ शीही बोलायचं, पण वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या शिक्षकाने. दुसऱ्याची उशी आणि पैसे घेतल्याने त्याला काय मिळत होतं, हेही कोणीतरी समजून घ्यावं लागतं.

पंधराव्या दिवसाच्या नोंदीखाली शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांची सही होईपर्यंत ते पान उघडंच समजायचं. पुढच्या वर्षी याच मुलांच्या सहलीची खोल्यांची यादी करायला बसाल, तेव्हा चिठ्ठ्यांच्या शेजारी ही वही उघडी ठेवा.